मोटारसायकलच्या ऑइलवरची जासो अक्षरं आणि रोजच्या गाडीसाठी ग्रेडची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रोज कामाला जाण्या-येण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, साधारण १०० ते १६० सीसीच्या, हाताने क्लच दाबायच्या फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल आहेत. स्कूटर आणि क्लच लिव्हर नसलेल्या गाड्या शेवटाकडे स्वतंत्र घेतल्या आहेत.

१. बाटलीवर 'जासो एमए' लिहिलंय. ते नेमकं काय सांगतं?

हे ऑइल तुमच्या गाडीच्या क्लचला घसरू देणार नाही, एवढंच ते प्रामुख्याने सांगतं.

मोटारसायकलचं इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिघं बहुतेक गाड्यांत एकच ऑइल वापरतात. क्लचच्या प्लेटा त्या ऑइलात भिजलेल्या असतात आणि तशाच अवस्थेत त्यांना एकमेकींना घट्ट धरावं लागतं. म्हणजे एकाच ऑइलाकडून दोन उलट अपेक्षा असतात: पिस्टन आणि बेअरिंगपाशी घर्षण कमी करायचं, पण क्लचपाशी ते फार कमी होऊ द्यायचं नाही. कारचा क्लच कोरडा आणि इंजिनाबाहेर असतो, त्यामुळे कारच्या ऑइलला ही अडचण नाही. इंधन वाचावं म्हणून कारच्या ऑइलात घर्षण घटवणारी रसायनं वाढत गेली, तेव्हा मोटारसायकलचे क्लच घसरायला लागले. त्यावर जपानच्या वाहन मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ साली टी ९०३ हे मोटारसायकल ऑइलचं स्वतंत्र मानक काढलं. बाटलीवरची अक्षरं तिथून आली.

२. एमए, एमए१, एमए२ आणि एमबी यांत फरक कसा ठरतो?

एका चाचणी यंत्रात क्लचच्या प्लेटा ऑइलात बुडवून जोरात फिरवतात आणि मग दाबून थांबवतात. असं पुन्हा पुन्हा करून तीन गोष्टी मोजतात: प्लेटा फिरत असताना किती पकडतात, थांबलेल्या प्लेटा पुन्हा सरकवायला किती जोर लागतो आणि थांबायला किती वेळ लागतो. हे आकडे जास्त आणि कमी घर्षणाच्या दोन ठरलेल्या संदर्भ ऑइलांशी ताडून प्रत्येक गोष्टीचा एक निर्देशांक काढतात.

तिन्ही निर्देशांक वरच्या पट्ट्यात आले तर ऑइल एमए२. तिन्ही त्याच्या खालच्या पट्ट्यात आले तर एमए१. एखादा वरच्या आणि एखादा खालच्या पट्ट्यात असेल तर नुसतं एमए. आणि तिघांपैकी एक जरी एमएच्या किमान मर्यादेखाली घसरला, तर ते ऑइल एमबी होतं.

म्हणून एमए हा मोठा पट्टा आहे आणि एमए१ व एमए२ हे त्याचेच दोन भाग आहेत. ही विभागणी २००६ च्या आवृत्तीत आली. एमए२ सर्वांत जास्त पकड देणारं, एमबी सर्वांत निसरडं. 'नुसतं एमए' हे एमए१ आणि एमए२ यांच्या मधलं असू शकतं, किंवा कंपनीने उपवर्ग न लिहिता मोठ्या पट्ट्याचंच नाव छापलेलं असू शकतं.

३. मग एमए२ म्हणजे सर्वांत चांगलं ऑइल, असंच ना?

नाही. एमए२ म्हणजे क्लचवर जास्त घर्षण ठेवणारं ऑइल. इंजिन किती स्वच्छ राहील, ऑइल किती दिवस टिकेल, बेस ऑइल कोणतं आहे, यांपैकी कशाचंही उत्तर त्या '२' मध्ये नाही. साधं मिनरल ऑइल एमए२ असू शकतं आणि महागडं पूर्ण सिंथेटिक एमए१ असू शकतं. 'एमए१ जुनं, एमए२ नवीन' हा समजही चुकीचा आहे. दोन्ही एकाच वेळी आले.

निवडताना मॅन्युअलमध्ये काय छापलंय ते पाहा. तिथे एमए असेल तर एमए, एमए१ आणि एमए२ तिन्ही चालतात. तिथे एमए२ असेल तर एमए२ च घ्या, कारण त्या गाडीच्या क्लचचे स्प्रिंग आणि प्लेटा जास्त पकडीचं ऑइल धरून ठरवलेल्या असतात. मॅन्युअल हरवलंय आणि ऑइलच्या झाकणावरही काही नाही, तर क्लच लिव्हर असलेल्या गाडीला एमए२ घेणं सर्वांत सुरक्षित. त्याने क्लच घसरण्याचा धोका कमीत कमी राहतो.

४. मेकॅनिक म्हणतो, एमए२ हे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांसाठी असतं. खरं आहे का?

हा समज इतका पसरलाय की काही जाहिरातींतही दिसतो. पण १ आणि २ हा फरक फक्त प्रश्न २ मधल्या घर्षण चाचणीतून येतो. कन्व्हर्टरला त्रास देतो तो प्रामुख्याने ऑइलातला फॉस्फरस. त्यावर जासोची मर्यादा आहेच, वजनाच्या ०.०८ ते ०.१२ टक्के, पण ती एमए, एमए१, एमए२ आणि एमबी या सगळ्यांना सारखीच लागू आहे. वरची मर्यादा कन्व्हर्टरसाठी. खालची मर्यादा आहे ती ऑइलातल्या झीजरोधक रसायनातून फॉस्फरस येतो म्हणून. तो फार कमी झाला तर गिअरचे दात आणि कॅम उघडे पडतात.

५. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० या आकड्यांचा जासो अक्षरांशी काय संबंध?

काहीच नाही. आकडे ऑइलचा दाटपणा सांगतात, अक्षरं क्लचवरचं घर्षण. १०डब्ल्यू-३० एमए२ असू शकतं आणि १०डब्ल्यू-३० एमबीसुद्धा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर रंगावरून किंवा बोटांत चोळून काहीही कळणार नाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला: तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. १० ची सुरुवातीची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २० ची उणे १५ अंशांवर. डब्ल्यूनंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला, तो १०० अंशांवर मोजतात. तिथे ५० चं ऑइल ३० च्या ऑइलपेक्षा साधारण पावणेदोनपट दाट असतं.

६. आणि एपीआय एसएल, एसएम, एसएन?

ती इंजिनाच्या संरक्षणाची पातळी आहे. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढे, तितकं मानक नवं. मॅन्युअलमध्ये 'एसएल किंवा वरचं' असेल तर एसएम आणि एसएन चालतात, एसजे चालत नाही. मात्र वरचं एपीआय अक्षर जासोची जागा घेत नाही. एपीआयची चाचणी कारची इंजिनं समोर ठेवून केलेली असते आणि तिथे ओल्या क्लचचा विचार नसतो.

म्हणून बाटली तीन टप्प्यांत वाचा. आधी जासो, कारण तिथली चूक क्लच फार लवकर दाखवतो. मग दाटपणा. मग एपीआय, तेही किमान अट म्हणून.

७. हे सगळं दुकानात प्रत्यक्ष कसं वापरायचं? एक उदाहरण द्या.

समजा, गाडी १२५ सीसीची, हवेवर थंड होणारी आहे. मॅन्युअल सांगतं: १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल किंवा वरचं, जासो एमए. ऑइल बदलताना ०.९ लिटर, इंजिन पूर्ण उघडून बांधल्यावर १.१ लिटर. समोर पाच बाटल्या आहेत.

पहिली २०डब्ल्यू-५०, एसएल, एमए२. क्लचला चालेल, पण दाटपणा मॅन्युअलबाहेर आहे, म्हणून बाजूला. दुसरी १०डब्ल्यू-३०, एसएन, एमबी. आकडे जुळतात, एपीआय वरचं आहे, आणि घाईत नेमकी हीच उचलली जाते. पण ती स्कूटरची आहे. तिसरी ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, कारची. जासोचं नावच नाही, शिवाय मागे इंधनबचतीचा शिक्का आहे. तीही बाद. चौथी १०डब्ल्यू-३०, एसएन, एमए२, सेमी-सिंथेटिक. पाचवी १०डब्ल्यू-३०, एसएल, एमए, मिनरल.

चौथी आणि पाचवी दोन्ही बरोबर आहेत. मॅन्युअलने सांगितलेल्या किलोमीटरला न चुकता ऑइल बदलत असाल तर पाचवी पुरेशी आहे. वापर थांबत-निघत, रहदारीत आणि तापलेल्या इंजिनाचा असेल, तर चौथी जास्त सोयीची. सिंथेटिकचा अंश असलेलं ऑइल उष्णतेत सावकाश बिघडतं.

आता प्रमाण. बाटली १ लिटरची असेल तर ती सगळी ओतायची नाही. ०.९ लिटर मोजून घाला, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा आणि गाडी सरळ उभी करून पातळी पाहा. बऱ्याच गाड्यांत दांडी आट्यांवर नुसती टेकवून पातळी बघायची असते, फिरवून बसवायची नसते. मॅन्युअलमध्ये तेवढी ओळ शोधा, कारण अशा गाडीत दांडी फिरवून बसवली की ऑइल असतं त्यापेक्षा जास्त दिसतं आणि कमतरता लक्षात येत नाही. उलट, जास्त ओतलेलं ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि फिल्टर तेलकट होतो. उरलेलं १०० मिली झाकण घट्ट लावून ठेवा, मधल्या काळात भर घालायला तेच कामी येतं.

८. मॅन्युअल १०डब्ल्यू-३० सांगतं, पण आमच्याकडे उन्हाळा कडक असतो. २०डब्ल्यू-५० घातलं तर इंजिन जास्त सुरक्षित राहील ना?

आधी मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता पाहा. कित्येक मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडच्या पट्ट्या काढलेल्या असतात. त्यात २०डब्ल्यू-५० असेल तर खुशाल घाला. नसेल तर टाळा, आणि त्याचं कारण फक्त मायलेज नाही.

ज्या इंजिनाला ३० चं ऑइल ठरवलंय, त्याच्या ऑइलवाटा, पंप आणि बेअरिंगमधली फट त्या दाटपणाला धरून असतात. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर दाट ऑइल वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज त्या पहिल्या क्षणांत जास्त होते. शिवाय क्लच दाबल्यावर प्लेटांमधलं दाट ऑइल त्यांना नीट सुटू देत नाही. म्हणून पहिला गिअर टाकताना गाडी झटका देते, बंद पडते किंवा न्यूट्रल सापडत नाही. इंजिन तापल्यावर हे आपोआप थांबतं. अशा वेळी लोक क्लचची केबल घट्ट करतात, आणि मग खरंच क्लच घसरायला लागतो.

थोडा दाटपणा हवाच असेल तर १०डब्ल्यू-४० हा मधला टप्पा आहे, तोही तक्त्यात असेल तर.

९. गाडी जुनी झाली आहे, ऑइल कमी होतं. दाट ग्रेड घेऊ का?

ऑइल जातंय कुठे हे पाहिल्याशिवाय नको. ड्रेन बोल्टच्या वॉशरमधून किंवा गिअर शाफ्टच्या सीलमधून गळत असेल तर दाट ऑइल थोडं हळू गळेल, एवढाच फरक. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर बघा कधी येतो. बराच वेळ बंद असलेली गाडी चालू करताना धुराचा एकच लोट येऊन थांबला, तर बहुतेक व्हॉल्व्हच्या सीलचा दोष. थ्रॉटल दिल्यावर सतत येत राहिला, तर रिंगा आणि सिलिंडर. पहिल्या दुखण्यात सील बदलायला खर्च फार येत नाही. दुसऱ्यात इंजिनाचं काम होईपर्यंत १०डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-४० वर जाणं हा तात्पुरता उपाय होऊ शकतो. जासो वर्ग मात्र तोच ठेवा. गाडी जुनी झाली म्हणून क्लचची गरज बदलत नाही. उलट झिजलेल्या प्लेटा निसरड्या ऑइलात आधी घसरतात.

१०. कारचं उरलेलं चांगलं सिंथेटिक ऑइल बाइकमध्ये चालेल का?

जासो एमए लिहिलेलं नसेल तर नाही. यात सिंथेटिकचा दोष नाही. 'सिंथेटिकने क्लच घसरतो' ही समजूत बहुधा कारच्या सिंथेटिक ऑइलांमुळेच पडली असावी, पण घसरवतात ती त्यातली घर्षण घटवणारी रसायनं. ती मिनरल ऑइलात असली तरी तेच होईल आणि सिंथेटिकमध्ये नसली तर काही होणार नाही.

कारच्या ३० आणि त्याहून पातळ ग्रेडच्या ऑइलांत हा धोका सर्वांत जास्त, कारण इंधनबचतीची मानकं त्याच ग्रेडना लागू होतात. त्यांच्यात फॉस्फरसही ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे जासोच्या किमान मर्यादेच्या काठावर किंवा खाली. कारच्या १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मध्ये घर्षण घटवणारी रसायनं बहुधा कमी असतात आणि पुष्कळ जण ते ऑइल वर्षानुवर्षं घालतात. तरीही त्याची क्लचची चाचणी झालेली नसते.

११. चुकून एमबी किंवा कारचं ऑइल घातलं गेलं. आता काय करू?

घाबरू नका, इंजिनाला धोका नाही. प्रश्न क्लचचा आहे, आणि लवकर बदललंत तर प्लेटा सहसा वाचतात. तोपर्यंत गाडी हळू चालवा, चढावर पूर्ण थ्रॉटल देऊ नका आणि हाफ क्लचवर ताटकळू नका.

इंजिन गरम असताना ऑइल पूर्ण काढा. गाडी सरळ उभी ठेवून थेंब थांबेपर्यंत वाट पाहा आणि फिल्टर असेल तर तोही बदला. तरी सगळं ऑइल निघत नाही. प्रश्न ७ मधल्या गाडीत एकूण १.१ लिटर मावतं आणि बदलताना ०.९ निघतं, म्हणजे ०.२ लिटर आतच राहतं. नवीन भरल्यावर चुकीच्या ऑइलचा वाटा साधारण १८ टक्के उरतो. तेवढ्यावर क्लच नीट चालला तर पुढच्या नेहमीच्या बदलीपर्यंत थांबायला हरकत नाही. अजूनही घसरत असेल तर शंभर-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ०.९ लिटर बदला. मग चुकीचं ऑइल ३ टक्क्यांच्या आसपास येतं.

दुसऱ्या बदलीनंतरही घसरणं थांबलं नाही, तर प्लेटा आधीच जळालेल्या किंवा गुळगुळीत झालेल्या आहेत आणि त्या बदलाव्या लागतील. फ्लशिंगचं वेगळं रसायन यासाठी वापरू नका. त्याचाही काही अंश आत राहतोच.

१२. क्लच ऑइलमुळे घसरतोय की दुसऱ्या कशामुळे, हे कसं ओळखायचं?

आधी घसरतोय का ते पक्कं करा. रिकाम्या सरळ रस्त्यावर, इंजिन तापल्यावर, टॉप गिअरमध्ये ४० च्या आसपास वेग ठेवा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम एकदम चढले, पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. दोन्ही सोबत हळूहळू वाढले तर क्लच ठीक आहे आणि पिकअपची तक्रार दुसरीकडे आहे.

मग लिव्हरची मोकळी हालचाल पाहा. लिव्हरच्या टोकाशी ती बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर असते. हालचालच नसेल तर केबल प्लेटांना सतत थोडं उचलून धरते, आणि जगातलं कोणतंही एमए२ तो क्लच घसरण्यापासून वाचवणार नाही. केबल आधी सैल करा, मग पुन्हा चाचणी घ्या.

केबल ठीक असेल तर घसरणं कधी सुरू झालं ते आठवा. ऑइल बदलल्यावर काही किलोमीटरच्या आत सुरू झालं असेल तर संशय ऑइलवर. महिनोन्‌महिने वाढत गेलं असेल तर झिजलेल्या प्लेटा किंवा बसलेले स्प्रिंग. काढलेल्या ऑइलला जळका वास येत असेल तर प्लेटा आधीच तापून गेल्या आहेत.

१३. स्कूटरला कोणतं? घरात बाइक आणि स्कूटर दोन्ही आहेत, एकच ऑइल आणलं तर?

ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच मागे, पट्ट्याच्या खोक्यात कोरडा असतो आणि इंजिन ऑइलशी त्याचा संबंध येत नाही. म्हणून तिथे निसरडं एमबी चालतं आणि त्याने इंधन किंचित वाचतं. बहुतेक स्कूटरची मॅन्युअल एमबीच सांगतात.

एकच ऑइल घ्यायचं तर ते बाइकचं घ्या. दाटपणा आणि एपीआय दोन्ही मॅन्युअलांशी जुळत असेल तर एमए ऑइल स्कूटरमध्ये घातल्याने काही बिघडत नाही. एमबीने मिळणारा थोडासा फायदा जातो, इतकंच. उलटं करू नका. स्कूटरच्या मागच्या गिअरचं ऑइल ही मात्र तिसरीच गोष्ट आहे. त्याचा ग्रेड आणि प्रमाण मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं.

१४. माझ्या गाडीला क्लच लिव्हर नाही, पण पायाने गिअर टाकावे लागतात. ती स्कूटरमध्ये मोडते का?

नाही. फसायची जागा हीच आहे. अशा सेमी-ऑटोमॅटिक गाडीत सहसा दोन क्लच असतात, एक वेगानुसार आपोआप पकडणारा आणि एक गिअरच्या पायाने सुटणारा, आणि दोन्ही इंजिन ऑइलात भिजलेले असतात. तिला एमएच लागतं. लिव्हर आहे की नाही यापेक्षा क्लच ओला आहे की कोरडा, हे पाहायचं.

१५. एमए असलेल्या ऑइलात एमए२ ची भर घातली तर चालतं का? ब्रँड वेगळा असेल तर?

चालतं. दोन्ही एमएच्या पट्ट्यातलीच ऑइलं आहेत आणि मिनरल, सिंथेटिकसुद्धा एकमेकांत मिसळतात. ग्रेड तोच ठेवा. भर घालून ऑइल नवं होत नाही, म्हणून बदलायचं किलोमीटर पुढे ढकलू नका.

वाटेत पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली आणि हाताशी फक्त कारचं ऑइल असेल, तर १०० मिली घालून घरी पोचा. ऑइलशिवाय चालवलेलं इंजिन क्लचप्लेटांपेक्षा कितीतरी महागात पडतं.

१६. ट्रकचं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल बाइकला चांगलं, असं ऐकलं. बरोबर?

डिझेल ऑइलात घर्षण घटवणारी रसायनं कमी असतात आणि झीजरोधक भरपूर, त्यामुळे क्लच सहसा पकडतो. काही डिझेल ऑइलांच्या बाटलीवर जासो एमएचा उल्लेखही असतो. तसा असेल आणि मॅन्युअल १५डब्ल्यू-४० ला परवानगी देत असेल, तर हरकत नाही.

उल्लेख नसेल तर अडचण राखेची आहे. ऑइल जळल्यावर मागे उरणाऱ्या राखेवर जासोची मर्यादा १.२ टक्के आहे आणि काही डिझेल ऑइलं ती ओलांडतात. ऑइल थोडंफार जाळणाऱ्या इंजिनात ती राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचते. बाटलीवर 'जासो डीएच-१' किंवा 'डीएच-२' दिसलं तर फसू नका, ते डिझेल इंजिनाचं जासो मानक आहे. त्याच संस्थेची एफबी, एफसी आणि एफडी ही अक्षरं टू-स्ट्रोकची. आणि '४टी' म्हणजे फक्त फोर-स्ट्रोक. ते कोणतंच मानक नाही.

१७. एका बाटलीवर चौकटीत एमए२ आहे, दुसरीवर मागच्या मजकुरात 'जासो एमए२ ची पूर्तता करते' एवढंच. फरक आहे का?

आहे. चौकट म्हणजे कंपनीने ते ऑइल जपानमधल्या यादीत नोंदवलंय. चौकटीत वर ऑइलचा संकेतांक असतो: एम अक्षर, तीन आकडे, कंपनीची तीन अक्षरं आणि पुन्हा तीन आकडे. मधे मोठ्या अक्षरांत वर्ग आणि खाली त्या कामगिरीची हमी देणाऱ्या कंपनीचं नाव. नोंदलेल्या ऑइलांची यादी जपानची स्नेहक संस्था संकेतस्थळावर जाहीर करते, तिथे संकेतांक ताडून पाहता येतो.

पण ही चौकट म्हणजे जासोने स्वतः ऑइल तपासून दिलेलं प्रमाणपत्र नाही. चाचणी आणि हमी कंपनीचीच असते. 'पूर्तता करते' असं लिहिलेलं ऑइल खोटंच असतं असंही नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या नावाच्या ऑइलांवरही अनेकदा तेवढंच असतं. अनोळखी नावाच्या बाटलीवर मात्र चौकट नसेल तर आम्ही ती घेणार नाही.

१८. ऑइल एमए२ आहे, वरून घर्षण कमी करणारं अॅडिटिव्ह घालू का?

नको. जासोची चाचणी बाटलीतल्या ऑइलची झालेली असते, तुमच्या मिश्रणाची नाही. जे रसायन टाळायचं म्हणून एमए निवडलं, तेच या छोट्या बाटलीत असतं. आधीच घातलं असेल तर प्रश्न ११ पाहा.

१९. बरोबर ग्रेड, बरोबर एमए२. तरी बदलायची वेळ जवळ आली की गिअर कडक पडतात. ऑइल नकली आहे का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. गिअरचे दात ऑइलला सतत कातरत असतात आणि दाटपणा टिकवणारे लांब रेणू त्यात तुटतात, म्हणून ऑइल हळूहळू पातळ होतं. कारच्या इंजिन ऑइलच्या वाट्याला गिअरबॉक्स येत नाही, त्यामुळे तिथे हे इतकं जाणवत नाही. जासोने यासाठी कातरण चाचणी ठेवली आहे: त्या चाचणीनंतरही ३० च्या ऑइलचा १०० अंशांवरचा दाटपणा ९ सेंटिस्टोकच्या खाली आणि ४० च्या ऑइलचा १२ च्या खाली जाता कामा नये. नवं ३० चं ऑइल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान असतं, म्हणजे खाली जायला फार वाव नाही.

कडकपणा शेवटच्या काही शे किलोमीटरमध्येच येत असेल आणि नवं ऑइल घातल्याबरोबर जात असेल, तर बदलीचं अंतर थोडं कमी करा किंवा त्याच ग्रेडमध्ये सेमी-सिंथेटिक घ्या. नवं ऑइल घातल्यावरही गिअर कडकच असतील, तर ऑइल बदलत बसू नका. लिव्हरची मोकळी हालचाल जास्त झाली आहे का ते पाहा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर असेच अडतात.